लेखासंकल्पना : व्यवहारावरून ओळख

वाणिज्य शाखेच्या परीक्षांत विचारला जाणारा वस्तुनिष्ठ प्रश्नप्रकार. एक-दोन वाक्यांत व्यवहार सांगतात आणि त्यामागची लेखासंकल्पना विचारतात. ओळखण्याचा भरवशाचा मार्ग एकच : ही संकल्पना नसती तर हिशेबात कोणता आकडा बदलला असता, ते पाहावे. नुसता ‘यंत्र’ किंवा ‘विमा’ असा शब्द पाहून उत्तर दिले, तर ते बहुधा चुकते.

एका साडीच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. दुकानदाराने प्रत्येकी ८०० रुपयांना १०० साड्या घेतल्या आणि ३१ मार्चपर्यंत त्यांतल्या ७० साड्या १,२०० रुपयांना विकल्या. विक्री ८४,००० रुपयांची झाली. तिच्यासमोर खर्च म्हणून ७० साड्यांचेच ५६,००० रुपये येतात आणि उरलेले २४,००० रुपये शिल्लक मालात जातात. ज्या उत्पन्नासाठी खर्च झाला, त्याच उत्पन्नासमोर तो मांडणे ही जुळणीची संकल्पना. ती नसती तर पूर्ण ८०,००० रुपये खर्ची पडून नफा २८,००० ऐवजी ४,००० रुपये दिसला असता.

आता समजा, उरलेल्या ३० साड्यांची चाल गेली आणि विक्रीचा खर्च वजा जाता प्रत्येकीचे ६०० रुपयेच हाती येणार आहेत. मग शिल्लक माल १८,००० रुपयांना दाखवून ६,००० रुपयांचा तोटा आताच मान्य करावा लागतो. ही सावधगिरीची संकल्पना. उलट, भाव १,५०० रुपयांवर गेला तरी माल २४,००० रुपयांनाच राहतो, कारण न झालेला नफा धरत नाहीत. मात्र गरजेपेक्षा जास्त तरतूद करून नफा मुद्दाम दडवणे सावधगिरीत बसत नाही.

सर्वाधिक गोंधळ यंत्राच्या प्रश्नात होतो. दुकानाने ५०,००० रुपयांचे शिलाई यंत्र घेतले, त्याचे आयुष्य १० वर्षे धरले आणि वर्षाअखेर ते ताळेबंदात ४५,००० रुपयांना दाखवले. ते आज विकले तर ३०,००० रुपयेच येतील. प्रश्न ‘५,००० रुपये घसारा या वर्षाच्या खर्चात का’ असा असेल, तर उत्तर जुळणी. ‘विक्रीकिंमत ३०,००० असूनही ४५,००० का’ असे विचारले, तर उत्तर व्यवसायसातत्य, म्हणजे गोइंग कन्सर्न : दुकान पुढेही चालणार असल्याने यंत्र विकायचे नाही, वापरायचे आहे. दुकान बंद करण्याचे ठरले की हे गृहीतक संपते आणि ३०,००० हाच आकडा महत्त्वाचा ठरतो.

भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या १९७९ च्या पहिल्या लेखामानकात व्यवसायसातत्य, सुसंगती आणि उपार्जन ही मूलभूत गृहीतके आहेत. सावधगिरी ही लेखाधोरण निवडतानाची कसोटी म्हणून वेगळी येते. आगाऊ भरलेल्या विमाहप्त्यासारख्या प्रश्नांत उपार्जन व जुळणी दोन्ही लागू पडतात. अशा वेळी पर्यायांत दोन्ही ठेवणारा प्रश्नच सदोष मानावा.