गिव्हअवे नियमावली (सणासुदीची)

दिवाळी, गणेशोत्सव, दसरा अशा सणांच्या निमित्ताने दुकानदार, घरगुती व्यावसायिक, यूट्यूबर आणि छोटे-मोठे ब्रँड समाजमाध्यमांवर बक्षीस जाहीर करतात. पोस्टखाली कमेंट करणाऱ्यांतून किंवा प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यांतून सोडत काढून ते एखाद्याला दिले जाते. या उपक्रमाला मराठीतही ‘गिव्हअवे’ असेच म्हणतात. त्यात कोणी भाग घ्यायचा, कधीपर्यंत घ्यायचा, विजेता कसा निवडायचा आणि बक्षीस कधी व कसे पोहोचवायचे हे साध्या भाषेत सांगणारा मजकूर म्हणजे गिव्हअवेची नियमावली. ती बहुधा पोस्टच्या कॅप्शनमध्येच असते. मजकूर लांबला तर पहिल्या कमेंटमध्ये देऊन ती पिन करतात.

कायद्याची चौकट : बक्षीस, नशीब आणि मोबदला या तीन गोष्टी एकत्र आल्या की योजना लॉटरी ठरते. परवानगीशिवाय लॉटरीचे कार्यालय चालवणे किंवा तिची जाहिरात करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. गिव्हअवेत बक्षीस असते आणि सोडत असल्याने नशीबही असते. म्हणून तिसरा घटक, म्हणजे मोबदला, बाहेर ठेवणे महत्त्वाचे. ‘५०० रुपयांची खरेदी करा आणि सोडतीत सहभागी व्हा’ या एका वाक्याने तो आत येतो. यूट्यूबच्या धोरणातही स्पर्धेचा प्रवेश मोफत असावा, अशी अट आहे. त्यामुळे ‘सहभाग विनामूल्य, खरेदीची अट नाही’ हे नियमावलीचे पहिले वाक्य असते.

प्रवेश मोफत ठेवला म्हणून सर्व जबाबदारी संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत विक्री किंवा व्यवसाय वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ यांचा उल्लेख आहे. योजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागींपासून दडवून ठेवणे हीसुद्धा त्याच व्याख्येनुसार अनुचित प्रथा आहे. तमिळनाडूत बक्षीस योजनांवर बंदी घालणारा १९७९चा स्वतंत्र कायदा आहे. देशभरातील अनेक योजनांच्या नियमांत ‘तमिळनाडूतील रहिवाशांसाठी नाही’ अशी ओळ दिसते, ती यामुळे. बक्षीस मोठे असेल किंवा योजना अनेक राज्यांत चालणार असेल, तर पोस्ट टाकण्याआधी वकिलाचा सल्ला घेतात.

पात्रता : पात्रतेचा नियम वय, पत्ता आणि नाते या तीन गोष्टींवर उभा असतो. भारतात १८ वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही आणि वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यानेही १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे. विजेत्याकडून नाव, पत्ता आणि फोन नंबर घ्यावाच लागतो. म्हणून सहभाग १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपुरता ठेवणे सोपे पडते.

पत्त्याच्या नियमात माणूस कुठे राहतो यापेक्षा बक्षीस कुठे पोहोचवता येते हे लिहिलेले बरे. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने कमेंट केली आणि पुण्यातल्या आईचा पत्ता दिला, तर तो पात्र आहे का, हा प्रश्न दर दिवाळीला पडतो. ‘बक्षीस फक्त भारतातील पत्त्यावर पाठवले जाईल’ असे लिहिले की तो पात्र ठरतो. ‘फक्त भारतात राहणाऱ्यांसाठी’ असे लिहिले तर तो बाद होतो. दोन्ही नियम चालतात, पण एकच निवडावा लागतो. आयोजक, त्यांचे कर्मचारी आणि घरचे लोक यांना वगळतात, कारण मालकाच्या वहिनीचे नाव निघाले तर सोडत कितीही सरळ झाली असली तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

सहभागाच्या अटी माध्यमानुसार बदलतात. ‘स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा’ किंवा ‘मित्रांना टॅग करा’ या अटींवर प्रवेश देणे फेसबुकच्या धोरणाला मान्य नाही. इन्स्टाग्रामवर कमेंटमध्ये मित्राचा उल्लेख करायला सांगणे प्रचलित आहे, परंतु फोटोत नसलेल्या माणसाला फोटोत टॅग करायला लावणे तिथे चालत नाही. या दोन्ही माध्यमांवर ‘या उपक्रमाशी फेसबुकचा किंवा इन्स्टाग्रामचा संबंध नाही’ अशी स्पष्ट ओळ द्यावी लागते. एका माणसाच्या किती कमेंट मोजल्या जातील हेही आधीच सांगतात. नाही तर कोणी एकटाच पन्नास कमेंट टाकून पन्नास संधी मागतो.

मुदत : सर्वाधिक तक्रारी मुदतीवरून होतात आणि त्यांचे मूळ बहुधा एखाद्या मोघम शब्दात असते. ‘रविवारी रात्री १२ पर्यंत’ म्हणजे शनिवार संपताना की रविवार संपताना, यावर दोन माणसे दोन अर्थ काढतात. ‘रविवार, रात्री ११.५९’ असे लिहिले की वाद उरत नाही. तिथीवरून मुदत देणेही असेच घोटाळ्याचे. २०२५ मध्ये कोजागरीची पौर्णिमा ६ ऑक्टोबरला दुपारी लागली आणि ७ ऑक्टोबरला सकाळी संपली. ‘कोजागरीपर्यंत’ एवढेच लिहिणाऱ्याला यातली नेमकी वेळ कोणती, हे सांगावे लागले असते. म्हणून सणाचे नाव सजावटीला ठेवून नियमात तारीख, वार आणि वेळ देतात आणि वेळ भारतीय असल्याचे नमूद करतात. ऑक्टोबरात भारतात रात्रीचे ११.५९ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे २.२९ झालेले असतात.

मुदती एकूण चार असतात : सहभागाची, सोडतीची, विजेत्याने उत्तर देण्याची आणि बक्षीस पाठवण्याची. त्या सणापासून मागे मोजत ठरवतात, कारण दिवाळीच्या आठवड्यात कुरिअरवर ताण असतो आणि भाऊबीज उलटल्यावर पोहोचलेल्या कंदिलाचा उपयोग नसतो. सहभाग कमी आला म्हणून मुदत वाढवायची असेल, तर ती संपण्यापूर्वी त्याच पोस्टमध्ये जाहीर करतात. मुदत उलटून गेल्यावर ती वाढवणे किंवा सुरू असताना ती अलीकडे आणणे हा आधी भाग घेतलेल्यांवर अन्याय ठरतो.

विजेत्याची निवड : निवड सोडतीने होणार की परीक्षणाने, हे पहिल्या दिवशीच सांगावे लागते. रांगोळीचे किंवा आकाशकंदिलाचे फोटो मागवून शेवटी सोडत काढली तर मेहनत घेणारे चिडतात. ‘ज्याला जास्त लाइक तो विजेता’ हा नियम सोपा वाटतो, पण लाइक विकत मिळतात. रात्रीतून शेकडो लाइक वाढले आणि ते देणाऱ्या खात्यांवर ना फोटो ना फॉलोअर असले, तर प्रकार ओळखता येतो. सिद्ध करणे मात्र अवघड जाते.

सोडतीत खरे काम यादी करण्याचे असते. समजा, एका साडीच्या दुकानाने १२,००० रुपयांची पैठणी ठेवली आणि पोस्टखाली ३४० कमेंट आल्या. त्यांपैकी २८ त्याच त्या माणसांच्या दुसऱ्या-तिसऱ्या कमेंट निघाल्या, ९ मध्ये प्रश्नाचे उत्तरच नव्हते आणि ३ मुदतीनंतरच्या होत्या. या ४० वगळल्यावर ३०० नावे उरली. ती कमेंट आलेल्या क्रमाने स्प्रेडशीटमध्ये १ ते ३०० अशी लिहिली आणि रिकाम्या चौकटीत हे सूत्र टाकले :

```
=RANDBETWEEN(1,300)
```

आलेल्या क्रमांकाचे नाव म्हणजे विजेता. यात एक मेख आहे. शीटमध्ये काहीही बदल केला की हे सूत्र नवा आकडा देते. विजेत्याचे नाव टिपायला म्हणून शेजारच्या चौकटीत काही टाइप केले, की मूळ आकडा गेला. त्यामुळे सोडतीचे स्क्रीन रेकॉर्डिंग आधीच सुरू करतात, आलेला आकडा लगेच कॉपी करून फक्त मूल्य म्हणून पेस्ट करतात आणि मग पुढचे दोन राखीव विजेते काढतात. ‘नाव आवडले नाही म्हणून पुन्हा दाबले’ हा आरोप या रेकॉर्डिंगने खोडता येतो. चिठ्ठ्या टाकून लाइव्ह सोडत काढली तरी चालते. मात्र सगळ्या चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या व सारख्या घडीच्या असाव्यात आणि भांड्यात टाकताना दिसाव्यात.

बक्षीस आणि कर : लॉटरी व तत्सम जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो आणि बक्षीस १०,००० रुपयांच्या वर असेल तर तो आयोजकाने आधीच कापायचा असतो. बक्षीस वस्तुरूपात असेल तर कापायला पैसे नसतात. तेव्हा ती वस्तू देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री आयोजकाला करावी लागते. वरच्या १२,००० रुपयांच्या पैठणीवर हा कर ३,६०० रुपये होतो. तो कोण भरणार, हे नियमात नसेल तर विजेतीला आनंदाच्या दिवशी बिल हातात पडते. म्हणूनच लहान आयोजक बक्षीस १०,००० रुपयांच्या आत ठेवतात.

निकाल आणि तोतये : सोडत झाल्यावर निकाल मूळ पोस्टवरच जाहीर करतात आणि पोस्ट काढून टाकत नाहीत. याच वेळी तोतये कामाला लागतात. दुकानाचाच लोगो लावून आणि नावात एखादे अक्षर किंवा अंडरस्कोर वाढवून खाते उघडायचे आणि कमेंट करणाऱ्या प्रत्येकाला ‘तुम्ही जिंकलात, कुरिअरचे ९९ रुपये पाठवा’ असा मेसेज धाडायचा, ही त्यांची रीत. मूळ खात्याचे नाव नियमावलीत अक्षरशः दिले असेल, तर सहभागीला दोन्ही नावे ताडून पाहता येतात.

नमुना : वरील उदाहरणातील दुकानाने २०२५च्या दिवाळीसाठी नियम लिहिले असते, तर ते असे दिसले असते. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते.

१. सहभाग विनामूल्य आहे. खरेदीची अट नाही.
२. वय १८ वर्षे पूर्ण हवे. बक्षीस तमिळनाडू वगळता भारतातील पत्त्यावरच पाठवू. आमचे कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय पात्र नाहीत.
३. पोस्टमधील प्रश्नाचे उत्तर कमेंटमध्ये लिहा. एका व्यक्तीची एकच कमेंट धरली जाईल.
४. मुदत : रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.५९ (भारतीय वेळ).
५. सोडत सोमवार, १३ ऑक्टोबरला संध्याकाळी ६ वाजता या खात्यावर लाइव्ह निघेल. एक विजेता आणि दोन राखीव विजेते काढू.
६. विजेत्याने बुधवार, १५ ऑक्टोबर, रात्री ८ पर्यंत मेसेजला उत्तर द्यावे. उत्तर न आल्यास बक्षीस पहिल्या राखीव विजेत्याला जाईल.
७. बक्षीस १६ ऑक्टोबरला कुरिअरने पाठवू. कुरिअरचा खर्च आणि कर आम्ही भरू.
८. आम्ही पैसे, ओटीपी किंवा बँकेचा तपशील कधीही मागणार नाही. पत्ता फक्त बक्षीस पाठवण्यासाठी वापरू आणि नंतर पुसून टाकू.
९. या उपक्रमाशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही. सहभागींबाबत इन्स्टाग्रामवर कोणतीही जबाबदारी राहणार नाही.

‘अंतिम निर्णय आयोजकांचा राहील’ ही ओळ अनेक नियमावल्यांत एकटीच आढळते. नियमात न बसणारी एखादी अडचण उद्भवली तर ती उपयोगी पडते. पण पात्रता, मुदत आणि निवडीची पद्धत लिहिलेली नसेल, तर तिच्या आधाराने घेतलेला निर्णय सहभागींना पटत नाही आणि ग्राहक आयोगासमोर आयोजकाचा बचावही करत नाही.