वित्तीय मध्यस्थी
ठेवीदाराला पैसा हवा तेव्हा परत लागतो; कारखान्याला मात्र दहा-पंधरा वर्षांचे कर्ज हवे असते. अनेकांच्या ठेवी एकत्र करून आणि कर्जदाराची पारख करून बँक ही दरी सांधते. शेअर व रोखे बाजारात पैसा अडकण्याची वा बुडण्याची जोखीम बचतदार स्वतः उचलतो.

कर्जदाराची पारख चुकली की काय होते ते भारतात दिसले: 2000 नंतरच्या तेजीत पोलाद, वीज व रस्ते प्रकल्पांना दिलेली अनेक कर्जे थकली. मुदत वाढवून बँका ती चांगली दाखवत राहिल्या; दोष कर्जे बुडण्यापेक्षा ते लपवण्यात अधिक होता, कारण पैसा निष्फळ प्रकल्पांतच अडकून राहिला. रिझर्व्ह बँकेच्या 2015 च्या तपासणीनंतर सत्य उघड झाले आणि मार्च 2018 पर्यंत अनुत्पादक कर्जे एकूण कर्जांच्या सुमारे 11 टक्क्यांवर गेली. तोट्याच्या तरतुदीत बँकांचे भांडवल आटले. त्यामुळे नवी कर्जे देण्याची त्यांची क्षमता आखडली; 2016-17 मध्ये उद्योगांना दिलेले एकूण बँककर्ज वाढण्याऐवजी घटले.