प्रगतिपत्रकाचे भाषांतर (परदेशस्थ पालकांसाठी)

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीच्या मराठी शाळेत मूल शिकते आणि आई किंवा वडील परदेशात आहेत, अशा घरात शाळेची कागदपत्रे इंग्रजीत करून पाठवण्याची वेळ येते. तिकडच्या शाळेत प्रवेश घ्यायचा असतो, किंवा पालकाला मराठी वाचता येत नाही. प्रगतिपत्रकात खरी अडचण श्रेण्यांची असते.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यानुसार अ-१ म्हणजे ९१ ते १०० टक्के, अ-२ म्हणजे ८१ ते ९०. पुढे दहा-दहाच्या टप्प्यांनी ब-१, ब-२, क-१ आणि क-२ अशी उतरण लागते. क-२ ही ४१ ते ५० ची श्रेणी, तर ड ३३ ते ४० ची. त्याखाली इ-१ आणि इ-२ येतात. या दोन श्रेणींतल्या मुलांना जादा मार्गदर्शन द्यायचे असते.

अक्षर तेवढे बदलून ‘बी-टू’ लिहिले की घोटाळा होतो. आपली ब-२ ६१ ते ७० टक्क्यांची आहे. अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत ‘बी’ साधारण ८० च्या घरात असते. जर्मनीत तर १ सर्वोत्तम आणि ६ सर्वांत वाईट. म्हणून तिकडची समतुल्य श्रेणी भाषांतरकाराने स्वतः ठरवू नये. मूळ श्रेणी तशीच ठेवून शेजारी टक्केवारीचा टप्पा लिहावा आणि पूर्ण तक्ता तळटीपेत द्यावा. तुलना प्रवेश देणारी शाळा करील.

सहावीचे उदाहरण घेऊ. या इयत्तेत आकारिक मूल्यमापन ५० गुणांचे असते. त्यात वर्षभरातले निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प, स्वाध्याय असे सारे येते. उरलेले ५० गुण सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचे: १० तोंडी वा प्रात्यक्षिकाचे, ४० लेखीचे. समजा गणितात आकारिक ४३ आणि संकलित २४ आहेत. बेरीज ६७, श्रेणी ब-२. दुसऱ्या एखाद्या मुलाची ३० आणि ३७ मिळूनही ब-२ च होते, पण पहिल्याची अडचण सत्राअखेरच्या परीक्षेत आहे, दुसऱ्याची वर्षभराच्या कामात. दूर बसलेल्या पालकाला हाच फरक कळायला हवा. पत्रकावर नुसती श्रेणी असेल तर वर्गशिक्षकांकडून गुणांची फोड मागून घ्यावी आणि ती मूळ पत्रकात नाही, असे स्पष्ट नोंदवून वेगळ्या कागदावर जोडावी.

‘वर्गोन्नत’ या शेऱ्यावरही टीप हवी. त्याचा अर्थ पुढच्या वर्गात पाठवले एवढाच. प्रत्येक विषयात उत्तीर्ण झाल्याचा तो पुरावा नव्हे. पाचवी आणि आठवीला मात्र डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयापासून वार्षिक परीक्षा असते. नापास झाल्यास पुनर्परीक्षा मिळते, आणि तीही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहते.

शाळेच्या परिपत्रकात तारखा जपाव्या लागतात. ‘५/१०’ अमेरिकेत १० मे असा वाचला जातो, म्हणून महिना अक्षरात लिहावा. पालकसभेची वेळ भारतीय प्रमाणवेळेची आहे, हेही नमूद करावे.