सरस्वती योग, लक्ष्मी योग आणि ७ मे १८६१ ची पहाट

आजच्या भागाची सुरुवात आमच्या घरातल्या एका जुन्या भांडणापासून.

दहावीनंतर माझी आणि ताईची, दोघांचीही पत्रिका दाखवली गेली. गुरुजी म्हणाले, "मुलाला सरस्वती योग आहे, शिकवा त्याला. मुलीला नाही." मी बीटेकला गेलो. ताईने कॉमर्स घेतलं, आणि तिला सायन्स हवं होतं हे घरात कोणी फारसं बोललंच नाही. गेल्या वर्षी मी सहज दोन्ही पत्रिका काढून बसलो. ताईचा बुध दुसऱ्या स्थानात, बाकी सगळं नियमात. म्हटलं, मूळ नियम काय आहे तो तरी बघू. आणि तिथून हा भाग सुरू झाला.

आधी थोडी पार्श्वभूमी. पत्रिकेतली बारा घरं म्हणजे स्थानं. जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते ती लग्न, म्हणजे पहिलं स्थान. तिथून पुढे मोजत जायचं. १, ४, ७, १० ही केंद्रं. १, ५, ९ हे त्रिकोण. गंमत म्हणजे 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंट्रॉन'वरून आला, आणि 'होरा'सुद्धा ग्रीकच. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने 'बृहज्जातक' लिहिलं तेव्हा हे शब्द संस्कृतात चांगले रुळले होते. म्हणजे ज्याला आपण घरचं समजतो, त्यातले काही पार्ट बाहेरून आलेले आहेत.

आता सरस्वती योग. मंत्रेश्वराच्या 'फलदीपिका' या संस्कृत ग्रंथात सहावा अध्याय योगांचा आहे. तिथे अट अशी: बुध, गुरू आणि शुक्र हे तिघे केंद्रात, त्रिकोणात किंवा दुसऱ्या स्थानात हवेत. शिवाय गुरू स्वतःच्या, उच्चीच्या किंवा मित्राच्या राशीत आणि बलवान हवा. बस. आमच्यासारख्यांच्या भाषेत ही एक इफ कंडिशन आहे. 'दुसरं स्थान' हे दोन शब्द लक्षात ठेवा. आमच्या गुरुजींनी केंद्र आणि त्रिकोण तेवढे धरले, दुसरं सोडलं, आणि ताईचा योग गेला.

नियम चालवून बघायला एक खरी पत्रिका घेऊ. रवींद्रनाथ टागोर, जन्म ७ मे १८६१, कलकत्ता, पहाटेची वेळ. त्यांची जी पत्रिका सहसा छापली जाते ती मीन लग्नाची. मीन पहिलं, मेष दुसरं, असं मोजा. मेषेत सूर्य, बुध आणि शुक्र, म्हणजे तिघेही दुसऱ्या स्थानात. कर्केत गुरू, म्हणजे पाचव्या स्थानात, त्रिकोणात. आणि कर्क ही गुरूची उच्च रास. सगळ्या अटी पास. नोबेल मिळालेला कवी आणि सरस्वती योग! इथे बरेच लोक पुस्तक मिटतात.

पण मी टेस्टिंगवाला माणूस, मिटवत नाही. त्या दिवशी ग्रह तेच ठेवायचे आणि फक्त लग्न बदलायचं. लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं, दिवसभरात बाराही राशी येऊन जातात. मीनेनंतर मेष लग्न: बुध-शुक्र पहिल्यात, गुरू चौथ्यात, योग आहे. वृषभ: बुध-शुक्र बाराव्यात, योग गेला. मिथुन: अकराव्यात, नाही. कर्क: बुध-शुक्र दहाव्यात, गुरू पहिल्यात, आहे. असंच पुढे मोजलं तर तूळ आणि मकर लग्नालाही योग येतो. म्हणजे मीन, मेष, कर्क, तूळ, मकर, बारापैकी पाच. त्या एका दिवसात ढोबळमानाने दहा तास जन्मलेली कलकत्त्यातली सगळी मुलं सरस्वती योगाची!

असं का होतं? बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र ४७ अंशांपलीकडे. त्यामुळे हे दोघे बहुतेक वेळा शेजारीशेजारीच असतात, एक नीट बसला की दुसरा बसायची शक्यता वाढते. आणि गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो. योग आहे म्हणजे लाखात एक, असं मुळीच नाही.

आणखी एक खोच. त्या दिवसांत शुक्र सूर्याच्या अगदी जवळ होता. ज्योतिषात अशा ग्रहाला अस्त म्हणतात, म्हणजे कमजोर. पण श्लोकात बळाची अट फक्त गुरूला आहे. त्यामुळे एक ज्योतिषी योग देईल, दुसरा काढून घेईल, आणि दोघेही ग्रंथाचंच नाव घेतील.

आता लक्ष्मी योग. इथे तर दोन आवृत्त्या आहेत. 'फलदीपिके'त नवव्या स्थानाचा मालक, म्हणजे भाग्येश, आणि शुक्र हे दोघे स्वराशीत किंवा उच्चीत असून केंद्रात-त्रिकोणात हवेत. आज छापील मिळणाऱ्या 'बृहत्पाराशर होराशास्त्रा'त भाग्येश स्वराशीत, मूलत्रिकोणात किंवा उच्चीत असून केंद्रात हवा, आणि लग्नेश, म्हणजे पहिल्या स्थानाचा मालक, बलवान हवा. तिथे शुक्राची अटच नाही.

टागोरांकडे बघू. मीन लग्नाला नववी रास वृश्चिक, तिचा मालक मंगळ. मंगळ मिथुनेत, चौथ्या स्थानात. केंद्र आहे, पण रास बुधाची, मंगळाची ना स्वतःची ना उच्चीची. दोन्ही आवृत्त्यांत फेल. तेच मूल दोन तास उशिरा, मेष लग्नावर आलं असतं तर भाग्येश झाला असता गुरू, उच्चीचा, चौथ्या केंद्रात. पाराशरी नियमाचा अर्धा भाग पास. उरला लग्नेश मंगळ तिसऱ्या स्थानात, 'बलवान' की नाही यावर वाद घाला. फलदीपिकेत मात्र नापासच, कारण शुक्र मेषेत.

आणि प्रत्यक्षात? जोडासांकोचं घर जमीनदारांचं, पैशाची कमी नव्हती. पण शांतिनिकेतनला पैसा कायम कमी पडायचा. १९३६ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, टागोर नाटकमंडळी घेऊन गावोगाव निधी गोळा करत होते. शेवटी गांधीजींनी ६०,००० रुपयांची सोय करून दिली. यातला कोणता भाग लक्ष्मी योग नसल्याचा पुरावा म्हणायचा? श्रीमंती बघितली तर नियम चुकला, ओढाताण बघितली तर बरोबर आला. माणूस आधी माहीत असला की दोन्हीकडून उत्तर जुळवता येतं.

तर योग ओळखायची पद्धत अशी. आधी ग्रंथाचं नाव विचारा. मग त्या ग्रंथातली अट शब्दशः मागा. मग 'बलवान' कशाला म्हणता ते विचारा. आणि शेवटी त्याच दिवशीची बाकीची लग्नं मोजून बघा.

ताईला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा योग असता तरी गुरुजी दुसरं काहीतरी काढलेच असते रे. मला कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या पत्रिकेत कोणी योग दिला किंवा काढून घेतला असेल, तर लग्न मोजून बघा आणि काय निघालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!