फुलीच्या टाक्यातील देवनागरी नाव
लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक हिने १५९८ साली भरलेला एक नमुना आहे. त्यावरील वर्णमालेत जे, यू व झेड नाहीत. आय-जे व यू-व्ही ह्यांचा भेद तेव्हा पुरता रुळला नव्हता. तथापि त्या लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असल्याने ते चौकटींत स्वतंत्रपणे बसते.

देवनागरीत शिरोरेषा आडवी येते. ती आधी सलग भरून घेणे सोयीचे खरे, पण घातक. ध-घ, भ-म ह्यांच्या डाव्या टोकाची गाठ सात चौकटींच्या उंचीत मावत नाही. मग भेद उरतो तो केवळ शिरोरेषेतील फटीवर. ती बुजली की रुमालावरील 'सुधा'ची 'सुघा' होते! इंचाला चौदा फुल्यांच्या कापडावर चौकट सुमारे १.८ मिलिमीटरची, एकच रिकामी सोडल्यास चुकलेला टाका वाटतो. म्हणून आलेखातच दोन सोडाव्यात. उकाराच्या तीन ओळी धरता नाव दहा ओळींचे, म्हणजे १८ मिलिमीटर उंच होते. वेलांटी असल्यास वर आणखी तीन ओळी लागतात. अशी नावे रुमालाच्या कोपऱ्यापेक्षा उशीच्या अभ्र्यावरच मोकळी बसतात.