जादू व भविष्यकालीन उपकरणांचे ध्वनिपरिणाम

जादू व भविष्यकालीन उपकरणांचे ध्वनिपरिणाम म्हणजे प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या गोष्टींसाठी रचलेले आवाज होत. मंत्राने उभे राहणारे कवच, प्रकाशाची तलवार किंवा काळातून प्रवास करणारे यान यांचा आवाज कोणी ऐकलेला नसतो. त्यामुळे तो ध्वनिमुद्रित करता येत नाही. तो घडवावा लागतो. चित्रपट, दूरचित्रवाणी, नभोनाट्य आणि संगणकीय खेळ यांत असे आवाज बहुधा नेहमीच्या वस्तूंच्या ध्वनिमुद्रणापासून केले जातात. मूळ आवाजाची स्वरउंची बदलणे आणि अनेक आवाज एकावर एक रचणे, अर्थात थर देणे, या त्यातील दोन मुख्य क्रिया आहेत. स्वरउंची बदलल्याने वस्तूची ओळख पुसली जाते, पण त्याबरोबर आवाजाचा काही भागही हरवतो. हरवलेला भाग दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून भरून काढणे, हे थर देण्याचे मुख्य प्रयोजन होय.

## पूर्वपीठिका

ध्वनिफितीच्या काळात आवाजाची उंची बदलण्याचा सरळ मार्ग म्हणजे फीत कमी-अधिक वेगाने वाजवणे. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या विभागातील ब्रायन हॉजसन यांनी १९६३ मध्ये सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेतील 'टार्डिस' या कालयानाचा आवाज अशाच रीतीने तयार केला. आतील सांगाडा उघडा केलेल्या एका पियानोच्या खर्जाच्या तारांवर त्यांनी घराची किल्ली घासली आणि त्या घर्षणाच्या ध्वनिमुद्रणावर फितीच्या साहाय्याने संस्कार केले. तारेच्या वेटोळ्यांवरून किल्ली खरखरत जाताना होणारा आवाज मंद वेगात यंत्राच्या धापांसारखा ऐकू येतो.

'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटासाठी बेन बर्ट यांनी याच मार्गाने मोठा ध्वनिसंग्रह उभा केला. त्यातील प्रकाश-तलवारीच्या आवाजात दोन थर आहेत: चित्रपट-प्रक्षेपकाच्या मोटरची गुणगुण आणि दूरचित्रवाणी संचाजवळ नेलेल्या ध्वनिग्राहकात शिरलेली विद्युत गुरगुर. तलवार फिरल्याचा भास होण्यासाठी हा एकत्रित आवाज ध्वनिक्षेपकावर लावून त्याच्यासमोरून दुसरा ध्वनिग्राहक हलवण्यात आला. ध्वनिग्राहक जवळ येताना स्वर किंचित चढतो आणि दूर जाताना उतरतो. हाच डॉप्लर परिणाम होय. शत्रूच्या 'टाय फायटर' विमानांसाठी हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज यांचा मेळ घालण्यात आला.

त्याच चित्रपटातील बंदुकीचा आवाज मनोऱ्याला ताण देणाऱ्या लांब पोलादी तारेवर हातोडीने आघात करून मिळवला गेला. ताणलेल्या जाड तारेतून उच्च वारंवारतेच्या लहरी नीच वारंवारतेच्या लहरींपेक्षा लवकर पोहोचतात. त्यामुळे एकाच आघाताचा आवाज वरच्या स्वरावरून खाली घसरल्यासारखा ऐकू येतो. मूळ वस्तूच्या आवाजातच एखादा अनोळखी आकार सापडला, तर पुढील संस्कार थोडे पुरतात, हे यावरून दिसते.

## स्वरउंची बदलण्याच्या पद्धती

स्वरउंची दोन प्रकारे बदलता येते. पहिल्या प्रकारात ध्वनिमुद्रणाचा वेगच बदलला जातो. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि त्याचा कालावधी दुप्पट होतो. वेग दुप्पट केला की याच्या उलट घडते. सप्तकातील शुद्ध व विकृत मिळून बारा स्वर समान अंतरावर मानले, तर `n` स्वर चढवण्यासाठी वेग `2^(n/12)` पट करावा लागतो. उतरवण्यासाठी `n` ऋण घेतात. सात स्वर चढवायचे असल्यास वेग सुमारे दीडपट होतो.

दुसऱ्या प्रकारात कालावधी तोच राहून केवळ उंची बदलते. त्यासाठी संगणक आवाजाचे अत्यंत लहान तुकडे पाडून किंवा त्यातील वारंवारतांचे पृथक्करण करून त्यांची फेरजुळणी करतो. 'सॉक्स' या मुक्त संगणकप्रणालीत दोन्ही प्रकार पुढीलप्रमाणे करता येतात. पहिल्या आज्ञेने आवाज एक सप्तक उतरून दुप्पट लांबतो. दुसऱ्या आज्ञेने तो तितकाच उतरतो, पण लांबी बदलत नाही.

```
sox vati.wav mandra1.wav speed 0.5
sox vati.wav mandra2.wav pitch -1200
```

या दोन्हींचे परिणाम कानाला सारखे वाटत नाहीत. वेग बदलल्यावर आघात, कंप व विराम हे सर्व एकाच प्रमाणात ताणले जातात, म्हणून आवाज एकसंध राहतो आणि वस्तू अधिक मोठी व जड असल्याचा भास होतो. दुसऱ्या पद्धतीत बदल मोठा असेल, तर आघाताची धार बोथट होते आणि आवाजाला पाण्यात बुडाल्यासारखी धातुमय थरथर येते. त्यामुळे दोन-तीन स्वरांचा फरक करायचा असेल किंवा आवाज पडद्यावरील हालचालीच्या मापातच बसवायचा असेल, तेव्हा ही पद्धत सोयीची ठरते. मोठ्या बदलासाठी वेग बदलणेच बहुधा इष्ट असते.

## थरांची रचना: एका मंत्राचे उदाहरण

आवाजाचे आरंभ, देह आणि शेपूट असे तीन भाग कल्पिले, तर थरांची निवड सोपी होते. मंत्राने उभे राहणारे संरक्षक कवच सुमारे तीन सेकंद ऐकू यावे, असे समजू. त्यासाठी काशाची वाटी, जाड चादर आणि काचेच्या बांगड्या एवढे साहित्य पुरते.

देहासाठी काशाची वाटी तळहातावर ठेवून तिच्यावर लाकडी काठीने हलका आघात करतात. वाटीतून उमटणाऱ्या वारंवारता मूळ स्वराच्या नेमक्या पटीत नसतात. त्यामुळे तिचा आवाज वाद्याच्या स्वरासारखा ओळखू येत नाही. वाटीचा मुख्य नाद ७०० हर्ट्झचा व चार सेकंद टिकणारा असेल, तर वेग ०.५ पट केल्यावर तो ३५० हर्ट्झचा होतो व आठ सेकंद टिकतो. त्याच ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत ०.५०३ पट वेगाने केली, तर तिचा नाद सुमारे ३५२ हर्ट्झचा होतो. दोन्ही प्रती एकत्र वाजवल्या की सेकंदाला दोन वेळा आवाज फुगतो व ओसरतो. जवळच्या दोन वारंवारतांच्या या स्पंदांमुळे कवच 'जिवंत' असल्याचा भास होतो. आठ सेकंदांतील पहिले तीन ठेवून शेवट हळूहळू विरवला जातो.

वाटी खाली उतरवल्यावर तिच्या आघाताची टणत्कारी धार मंदावते. येथे दुसऱ्या थराची गरज पडते. चादर जोरात झटकल्याचा आवाज उंची न बदलता घेतात, त्यातील २०० हर्ट्झच्या खालचा भाग गाळतात आणि त्याचा सर्वोच्च क्षण वाटीच्या आघाताशी जुळवतात. या दोन क्षणांत तीन-चार शतांश सेकंदांहून अधिक अंतर पडले, तर एका घटनेऐवजी दोन घटना ऐकू येऊ लागतात.

शेपटासाठी बांगड्यांची किणकिण दुप्पट वेगाने वाजवतात. दोन सेकंदांची किणकिण त्यामुळे एका सेकंदात बसते आणि एक सप्तक वर जाऊन ठिणग्यांसारखी बारीक होते. शेवटी वाटीच्या नादाचा एक सेकंदाचा तुकडा उलटा फिरवून आघाताच्या आधी जोडला, तर शून्यातून फुगत येणारा आवाज मंत्रोच्चारानंतरच्या प्रतीक्षेचे काम करतो. तीनही थर वारंवारतेच्या निरनिराळ्या पट्ट्यांत असल्याने ते परस्परांना झाकत नाहीत.

## उपकरणांच्या आवाजातील फरक

मंत्राचा आवाज फुगत जाऊन विरतो, तर उपकरणाच्या आवाजाला नेमका आरंभ व नेमका शेवट लागतो आणि प्रत्येक वापरात तो ओळखीचा राहावा लागतो. एखादे शस्त्र ऊर्जेने भारले जात असल्याचा आवाज हवा असेल, तर स्वयंपाकघरातील मिक्सर बंद केल्यानंतर त्याची मोटर थांबेपर्यंतचा उतरता आवाज ध्वनिमुद्रित करतात. तो उलटा फिरवला की चढता होतो. तीन सेकंदांचा हा तुकडा दीडपट वेगाने वाजवल्यास दोन सेकंदांत सात स्वर वर जातो. ज्या क्षणी तो शिखर गाठतो, तेथे दिव्याच्या बटणाची मूळ उंचीतील 'टिक' ठेवली की उपकरण सज्ज झाल्याचे कळते. मोटरचा चढ यंत्राची शक्ती सांगतो आणि टिक त्यावरील माणसाचा ताबा सांगते.

## मर्यादा व दोष

उतरवलेला आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा वाटणे, हा सर्वांत नेहमीचा दोष होय. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या ध्वनिमुद्रणात जास्तीत जास्त २४,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज साठतो. तो दोन सप्तके उतरवला, तर ही वरची मर्यादा ६,००० हर्ट्झवर येते आणि त्यापलीकडे काहीच उरत नाही. सेकंदाला ९६,००० नमुने घेतले, तर मर्यादा १२,००० हर्ट्झवर राहते. मात्र ध्वनिग्राहकानेही श्रवणातीत वारंवारता टिपलेल्या असाव्या लागतात. तसे साधन नसेल, तर वरच्या पट्टीतील स्वतंत्र थर देणे हाच उपाय उरतो.

वस्तूबरोबर खोलीही ताणली जाते. खोलीतील अर्ध्या सेकंदाचा निनाद निम्म्या वेगात एक सेकंदाचा होतो आणि छोट्या वस्तूभोवती गुहा असल्यासारखे वाटते. पंख्याची घरघरही खाली येऊन ठळक होते. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण गाद्या-गोधड्यांनी निनाद कमी केलेल्या जागी, पंखा बंद ठेवून केले जाते.

थर वाढवूनही आवाज पोकळ वाटू लागला, तर दोन थरांतील नीच वारंवारतेच्या लहरी एकमेकींना छेदत असण्याची शक्यता असते. याची परीक्षा सोपी आहे: एका थराची ध्रुवता उलटी करून पाहावी. तसे करताच आवाजात भरीवपणा आला, तर छेद होत होता हे सिद्ध होते. मग तीच स्थिती कायम ठेवतात किंवा एका थरातील खर्जाचा भाग गाळतात. याउलट, लहरी परस्परांना पूरक असतील, तर बेरीज कमाल पातळी ओलांडून फाटू शकते. त्यासाठी प्रत्येक थर मिश्रणापूर्वीच पुरेसा हलका ठेवला जातो.

अखेरची कसोटी ओळखीची असते. चित्र न दाखवता आवाज एखाद्या अनभिज्ञ श्रोत्यास ऐकवतात. त्याने 'बांगड्या' किंवा 'मिक्सर' असे नाव घेतले, तर तो थर अजून पुरेसा बदललेला नाही असे समजतात. मानवी आवाज याबाबत विशेष अवघड ठरतो, कारण तो कितीही उतरवला तरी मंदावलेला माणूस म्हणूनच चटकन ओळखला जातो. अशा वेळी उंची आणखी बदलण्यापेक्षा मूळ वस्तूच बदलणे श्रेयस्कर ठरते.