मुलींची स्वच्छतागृहे, पाळी आणि हजेरी : अभ्यासकांसाठी प्रस्तावना

‘शाळेत स्वच्छतागृह नाही, म्हणून पाळीच्या दिवसांत मुली शाळेत येत नाहीत.’ या विषयाकडे वळणारा बहुतेक जण हे वाक्य सोबत घेऊनच येतो. त्यात तीन निरनिराळे दावे आहेत: स्वच्छतागृह नाही, मुली येत नाहीत, आणि दुसरी गोष्ट पहिलीमुळे घडते. तिन्हींचा पुरावा सारख्या ताकदीचा नाही. नव्या अभ्यासकाने ते आधी सुटे करावेत, एवढ्यासाठी हे टिपण.

सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा मधल्या दाव्याचा आहे. भारतातल्या किशोरवयीन मुलींच्या पाळीविषयीच्या 138 अभ्यासांचा आढावा 2016 साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आला. त्यानुसार साधारण चौथा हिस्सा मुलींनी पाळीत शाळा बुडवल्याचे सांगितले होते. आकडा खोटा नाही, पण तो मुलींचा आहे, दिवसांचा नाही. आठवीच्या वर्गात 40 मुली आहेत आणि त्यांतल्या 10 जणी ‘हो, बुडते’ म्हणाल्या, असे समजू. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला किमान 220 कामाचे दिवस ठरवले आहेत, म्हणजे वर्गाचे एकूण 8,800 ‘मुलगी-दिवस’ झाले. त्या दहा जणी वर्षातून एकदाच घरी राहिल्या असतील तर खाडे झाले 10. दर महिन्याला एक दिवस राहत असतील तर दहा महिन्यांचे 100, आणि दर महिन्याला तीन दिवस तर 300. पहिल्या हिशेबाने पाळीमुळे बुडालेले दिवस हजारी एक, शेवटच्या हिशेबाने शेकडा साडेतीनच्या आत. एकाच उत्तरातून निघणाऱ्या या दोन आकड्यांत तीसपटीचा फरक आहे आणि ‘पाळीत शाळा बुडते का?’ हा प्रश्न तो कधीच दाखवत नाही. शिवाय ‘असर’च्या भेटींमध्ये ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत पटावरची साधारण पाऊण मुलेच हजर सापडतात. तो गट लहान मुलामुलींचा आहे, त्यामुळे तुलना ताणू नये. तरी एकूण गैरहजेरीपुढे पाळीचा वाटा केवढा असू शकतो, याचा अंदाज त्यावरून येतो.

हाच प्रश्न दिवस मोजून विचारला तर काय होते, हे नेपाळच्या चितवनमध्ये दिसले. एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या चार शाळांतल्या सातवी-आठवीच्या 198 मुली निवडल्या आणि सोडत काढून निम्म्यांना मेन्स्ट्रुअल कप दिले. शाळेची हजेरी होतीच, शिवाय मुली स्वतः रोजनिशी लिहीत होत्या. त्यामुळे पाळीचा दिवस आणि गैरहजेरीचा दिवस शेजारी ठेवून पाहता आला. निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाला: 180 दिवसांच्या शालेय वर्षात पाळीमुळे एका मुलीचा सरासरी 0.4 दिवस बुडत होता. कप मुलींनी वापरले, कापडे धुण्याचा वेळही वाचला, हजेरी मात्र हलली नाही. घरी राहण्याचे कारण विचारले तर पोटातल्या कळा हे उत्तर पुढे येई, आणि कळांवर कपाचा इलाज नाही. एका जिल्ह्यातल्या चार शाळांवरून साऱ्या उपखंडाचा निर्णय देता येत नाही, हे खरे. पण पॅड वाटले की हजेरी वाढते, हे गृहीत धरून योजना आखणाऱ्याने हा निबंध आधी वाचलेला असावा. महाराष्ट्रात 2018 च्या महिला दिनी सुरू झालेल्या ‘अस्मिता’ योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत द्यायचे ठरले होते. अशा योजनेचे मोल मुलीची सोय आणि आरोग्य यांवर करावे. हजेरीवर केले तर ती विनाकारण नापास ठरेल.

स्वच्छतागृहांचा पुरावा यापेक्षा भक्कम आहे, पण तो वेगळ्या गोष्टीचा आहे. अंजली अदुकिया यांनी 2000 नंतरच्या दशकात केंद्राच्या मोहिमेतून भारतभर शाळांत जी स्वच्छतागृहे बांधली गेली, त्यांच्या आधीचा आणि नंतरचा पट तपासला. त्यांचा निबंध 2017 चा. लहान मुलांच्या बाबतीत कोणतेही स्वच्छतागृह आले तरी मुलगे आणि मुली दोघांचा पट वाढला. वयात येणाऱ्या मुलींचा पट वाढायला मात्र स्वतंत्र स्वच्छतागृह लागले. ते झालेल्या शाळांत शिक्षिकांचे प्रमाणही वाढले, आणि हा धागा पुढे फारसा कुणी उचलला नाही याचे मला नवल वाटते. पण पट म्हणजे नाव घातलेली मुले, रोज येणारी नव्हेत. आईबाप मुलीला सातवीनंतर शाळेत ठेवायचे की नाही हे वर्षातून एकदा ठरवतात, तेव्हा स्वच्छतागृह त्या निर्णयात येते. महिन्यातले ते चार दिवस ही निराळी बाब झाली.

आता ‘स्वच्छतागृह आहे’ म्हणजे काय ते पाहू. शाळा स्वतः भरते त्या सरकारी माहितीत ते जवळजवळ सगळीकडे आहे. ‘असर’चे कार्यकर्ते मात्र दार ढकलून पाहतात आणि चार खाने करतात: स्वतंत्र नाही, आहे पण कुलूप, उघडे पण वापरण्याजोगे नाही, वापरण्याजोगे. ग्रामीण शाळांत मुलींसाठीचा शेवटचा खाना 2010 मध्ये सुमारे 33 टक्के होता, 2024 मध्ये 72 टक्के झाला. प्रगती मोठी आहे, तरी चारातली एक शाळा अजून बाहेर राहते. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेत बांधलेल्या स्वच्छतागृहांपैकी 2,695 ‘कॅग’ने प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा खरोखर बांधून पूर्ण झालेल्यांपैकी 72 टक्के ठिकाणी आत वाहते पाणी नव्हते. पाळीच्या दिवसांत पाण्याविना स्वच्छतागृह बंद असल्यासारखेच.

कुलूप का लागते, याचे उत्तर बहुधा वहीखात्यात सापडते. समग्र शिक्षा योजनेत 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाचे एकत्रित अनुदान 25,000 रुपये, आणि त्यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेसाठी. किमानावर थांबलेल्या शाळेकडे महिन्याला दोनशेच्या आसपास रुपये उरतात. त्यात फिनेल, झाडू, बिघडलेला नळ आणि सफाई करणारी व्यक्ती बसवायची. मुख्याध्यापक मग चावी खिशात ठेवतात आणि ‘मुली घाण करतात’ म्हणतात. त्यांच्या जागी उभे राहून हिशेब केल्याशिवाय त्यांना दोष देऊ नये.

राहिला हजेरीपट. तो सकाळी भरला जातो. अकराला ‘हजर’ लागलेली मुलगी मधल्या सुट्टीत घरी गेली आणि परतली नाही, तरी पटावर ती दिवसभर शाळेत असते. पोषण आहाराचा हिशेबही याच हजेरीवर चालतो, त्यामुळे खाडा लपवण्याकडे पटाचा कल असतो. स्वच्छतागृहाचा परिणाम सर्वांत आधी जिथे दिसायला हवा, त्या दुपारच्या तासांची नोंदच होत नाही. चितवनचा 0.4 वाचतानाही हे ध्यानात असावे: पूर्ण दिवस घरी न राहता अर्धवट शाळा करणारी मुलगी, किंवा संध्याकाळपर्यंत पाणी न पिता बाकावर बसून राहणारी मुलगी, गैरहजेरीच्या कोणत्याच रकान्यात येत नाही.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांनी शाळेत आगाऊ न कळवता जावे, शक्यतो एप्रिलात, पाणी आटल्यावर. सकाळी आणि मधल्या सुट्टीनंतर, असे दोनदा मुलींना मोजावे. स्वच्छतागृहाची चावी मागावी आणि ती कुणाकडून, किती वेळाने मिळाली ते लिहावे. नळ उघडावा, आतून कडी लागते का पाहावे, वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का ते बघावे. मुलींना ‘शाळा बुडते का?’ असे न विचारता गेल्या पाळीचे दिवस कॅलेंडरवर दाखवायला सांगावे. हे काम स्त्री अभ्यासकाने, शिक्षक जवळ नसताना करावे. काही शिक्षिका दुपारची मोजणी आपल्या खासगी वहीत ठेवतात. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. अभ्यासकांना त्या हव्या आहेत.